कव्हर नोटमध्ये ‘तपासले’ हा शब्द एकटा ठेवू नये

पत्र

सप्रेम नमस्कार. मी पणजीतील एका वित्तसंस्थेत कनिष्ठ विश्लेषक म्हणून आठ महिन्यांपूर्वी रुजू झाले. बार्देशच्या किनारपट्टीवरील चाळीस खोल्यांच्या एका हॉटेलला आणखी बारा खोल्या बांधण्यासाठी साडेतीन कोटींचे कर्ज हवे आहे. त्या प्रस्तावाची एक्सेल शीट मी तयार केली आणि वरिष्ठांना पाठवताना कव्हर नोटमध्ये लिहिले, “सर्व प्रमुख आकडे तपासले आहेत, काही बाबी प्रलंबित आहेत.” सरांनी ती नोट परत पाठवली आणि विचारले, “कोणते तपासले, कशाशी तपासले, आणि प्रलंबित म्हणजे काय?” विक्रीचा आकडा मी जीएसटी विवरणपत्रांशी लावून पाहिला आहे, पण ऑक्युपन्सी मालकांनी दिली तीच घेतली आहे. न पडताळलेले आकडे मोकळेपणाने लिहिले तर मी काम अर्धवट केले असे दिसेल, ही भीती वाटते. नोट एका पानात बसवायची आहे. ती कशी लिहावी?

— एक वाचक, फोंडा

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या सरांनी विचारलेले तीन प्रश्न हाच तुमच्या नोटचा आराखडा आहे. तो तुमच्याच प्रकरणावर लावून दाखवते. हॉटेलची ओळख पटू नये म्हणून तुम्ही सोबत पाठवलेले आकडे मी बदलले आहेत. त्यांचे एकमेकांशी असलेले नाते मात्र तसेच ठेवले आहे.

आपल्या कार्यालयांत ‘चेक केले’ या एकाच क्रियापदाखाली तीन निरनिराळी कामे खपतात. आकडा कागदावर आहे एवढे डोळ्यांखालून घालणे हे पहिले काम. तोच आकडा दुसऱ्या कागदावरच्या आकड्याशी जुळवणे हे दुसरे. आणि ज्याचा या कर्जात काही स्वार्थ नाही अशा तिसऱ्या माणसाने तयार केलेल्या कागदाशी तो ताडून, उरलेल्या फरकाचे कारण शोधणे हे तिसरे. नोटमध्ये या तिन्हींसाठी ‘पाहिला’, ‘जुळवला’ आणि ‘पडताळला’ असे तीन वेगळे शब्द ठरवून वापरा आणि पहिल्याच ओळीत त्यांचे अर्थ सांगा, म्हणजे सरांना प्रत्येक आकड्यामागे किती काम झाले आहे हे विचारावे लागणार नाही.

आता विक्रीचा आकडा घेऊ. २०२४-२५ च्या लेखापरीक्षित नफा-तोटा पत्रकात एकूण उत्पन्न ४.८० कोटी रुपये आहे, त्यात खोल्यांचे ४.०८ कोटी आणि रेस्टॉरंटचे ०.७२ कोटी. तुम्ही बारा महिन्यांच्या जीएसटीआर-३बी विवरणपत्रांची बेरीज केली, ती ५.१२ कोटी आली. तुमच्या शीटमध्ये या फरकापुढे ‘किरकोळ, ठीक’ असा शेरा आहे. बत्तीस लाखांचा फरक किरकोळ नसतो. विवरणपत्रातला आकडा मोठा आहे म्हणून तो निरुपद्रवी आहे असेही समजू नये, कारण ज्या फरकाचे कारण सापडलेले नाही तो पुढे कोणत्या बाजूला झुकेल हे आपल्याला ठाऊक नसते.

शिवाय जीएसटी विवरणपत्र हा पूर्णपणे स्वतंत्र पुरावा नाही. ते हॉटेलचाच लेखनीस हॉटेलच्याच वह्यांवरून भरतो. खोटी विक्री दाखवायची तर तिच्यावर खरा कर भरावा लागतो, एवढाच त्याचा वचक. म्हणून नफा-तोटा पत्रक आणि ३बी यांचे जुळणे मी ‘जुळवला’ या सदरात घालते. ‘पडताळला’ म्हणायला तिसरा हात लागतो, आणि हॉटेलच्या बाबतीत तो फॉर्म २६एएसमध्ये मिळतो. ऑनलाइन बुकिंग पोर्टल हॉटेलच्या वतीने खोली विकते तेव्हा २०२४-२५ साठी लागू असलेल्या आयकर कायद्याच्या कलम १९४-ओ खाली ते टीडीएस कापते आणि एकूण विक्रीची रक्कम हॉटेलच्या पॅनवर नोंदवते. ही नोंद हॉटेलचा लेखनीस करत नाही, पोर्टल करते.

हॉटेलच्या २६एएसमध्ये या कलमाखाली १.९० कोटींची विक्री दिसते. हॉटेलच्या वह्यांत पोर्टलमार्फत झालेली विक्री १.५८ कोटी आहे. फरक पुन्हा बत्तीस लाखांचा, आणि ही खूण पुरेशी बोलकी आहे. पोर्टलने कमिशन कापून जी रक्कम बँकेत जमा केली तीच लेखनिसाने विक्री म्हणून लिहिली, तर जीएसटी मात्र योग्य रीतीने पूर्ण रकमेवर भरला गेला. पोर्टलच्या कमिशन बिलांची बारा महिन्यांची जीएसटी वगळून बेरीज तुम्हीच दुसऱ्या शीटवर केली आहे, ती ३१.४० लाख येते. म्हणजे ५.१२ कोटींपैकी केवळ साठ हजारांचा फरक कारणाविना उरतो. एवढे केल्यावर पोर्टलच्या विक्रीपुरता ‘पडताळला’ हा शब्द लिहायला मी कचरणार नाही. थेट येणाऱ्या पाहुण्यांची विक्री मात्र अजूनही ‘जुळवली’ याच पायरीवर आहे, आणि नोटमध्ये ती वेगळी दाखवली पाहिजे.

इथे दोन खळगे आहेत. १९४-ओ खालचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून एक टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आला. गोव्याचा हंगाम नेमका ऑक्टोबरपासून सुरू होतो. त्यामुळे कापलेल्या करावरून उलट गणित करून, म्हणजे कराला शंभराने गुणून, विक्री काढायला गेलात तर हंगामाचे सारे महिने प्रत्यक्षाच्या दहावा भाग एवढेच दिसतील. २६एएसमध्ये दिलेल्या किंवा जमा केलेल्या रकमेचा स्वतंत्र रकाना असतो, तोच घ्यावा. दुसरे असे की पोर्टलने जीएसटीसह रकमेवर कर कापला की जीएसटीशिवाय, हे पोर्टलच्या मासिक विवरणावरून पाहून मगच तुलना करावी, नाहीतर कराएवढाच एक बनावट फरक तयार होतो आणि त्याचा माग काढण्यात दिवस जातो.

या बत्तीस लाखांचे कारण सापडल्याचा आणखी एक उपयोग आहे. तुमच्या पुढील वर्षांच्या अंदाजपत्रकात सरासरी दर प्रति खोली ४,३०० रुपये आहे, आणि खर्चाच्या बाजूला कमिशन पुन्हा वेगळे धरले आहे. हा ४,३०० चा दर कमिशन वजा झालेल्या ४.०८ कोटींवरून काढलेला असल्यामुळे कमिशन दोनदा वजा होत आहे. चूक सावधगिरीच्या बाजूची आहे, तरी ती चूकच आहे, आणि सरांना ती तुमच्याकडूनच कळावी.

ऑक्युपन्सीकडे येते, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. मालक म्हणतात, वर्षाची सरासरी ६५ टक्के. चाळीस खोल्यांच्या वर्षभरात १४,६०० रूम नाइट्स होतात, त्यांचे ६५ टक्के म्हणजे ९,४९०. त्यांना ४,३०० ने गुणले की ४.०८ कोटी येतात, आणि तुम्ही शीटमध्ये यापुढे हिरवी खूण केली आहे. ती खूण काढून टाका. ४,३०० हा दर तुम्ही ४.०८ कोटींना ९,४९० ने भागूनच मिळवला होता. ज्या संख्येने भागले तिनेच गुणले तर मूळ संख्या परत येणारच, मग मालकांनी ६५ सांगोत की ५०. वरच्या श्रेणीतले विश्लेषकही या वर्तुळात अडकलेले मी पाहिले आहेत, कारण गणित बरोबर आलेले पाहून मनाला समाधान वाटते.

मग वरिष्ठ विचारतील की विक्री पडताळली आहे, तर ऑक्युपन्सी चुकली म्हणून काय बिघडले? गेल्या वर्षापुरते काहीच बिघडत नाही. ऑक्युपन्सी ५५ टक्के असेल तर सरासरी दर सुमारे ५,०८० निघेल आणि उत्पन्न तेच राहील. बिघडते ते नव्या बारा खोल्यांचे. त्या बांधण्याचे कारणच असे सांगितले आहे की हंगामात हॉटेल भरते आणि पाहुणे परत पाठवावे लागतात. आजच्या चाळीस खोल्याच पुरत्या भरत नसतील तर बारा खोल्या नवे पाहुणे आणणार नाहीत. आहेत तेच पाहुणे बावन्न खोल्यांत विभागले जातील. म्हणून न पडताळलेल्या आकड्यांत हा एक आकडा सर्वांत वजनाचा आहे, आणि तो नोटमध्ये वर आला पाहिजे.

हे वजन रुपयांत मांडा. नव्या बारा खोल्यांच्या ४,३८० रूम नाइट्स ६५ टक्क्यांनी भरल्या तर १.२२ कोटींची भर पडते. कर्जफेडीसाठी वर्षाला १.५४ कोटी हाती राहतात, जुन्या-नव्या कर्जाचे हप्ते व व्याज मिळून १.१० कोटी होते, आणि या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे डीएससीआर १.४० येतो. नव्या खोल्या ४० टक्केच भरल्या तर भर ७५ लाखांवर येते. घटलेल्या ४७ लाखांपैकी, धुलाई, वीज, न्याहारी असा वाचलेला खर्च सोडून, सुमारे ३३ लाखांचा फटका रोख रकमेला बसतो आणि डीएससीआर १.१० वर उतरतो. ‘ऑक्युपन्सी प्रलंबित आहे’ या वाक्याने सरांना काहीच कळत नव्हते. ‘या एका आकड्यावर १.४० आणि १.१० यांतला फरक अवलंबून आहे’ असे वाचल्यावर बैठकीपूर्वी कोणता कागद मागवायचा हे त्यांना लगेच ठरवता येईल.

तो कागद कोणता, हेही तुम्हीच सुचवा. हॉटेलच्या सॉफ्टवेअरमधून रोज रात्री निघणारा नाइट ऑडिट अहवाल मागवावा, पण तोही हॉटेलच्याच हातचा. परदेशी पाहुण्यांसाठी २०२४-२५ मध्ये भरावा लागणारा फॉर्म सी चांगला पुरावा आहे, पण भारतीय पाहुणे त्यात येत नाहीत. विजेच्या बिलांवर मी फारसा भर देत नाही, कारण मे महिन्यात कमी पाहुण्यांतही वातानुकूलन यंत्रे अधिक वीज खातात. मला सर्वांत उपयोगी वाटतात ती बाहेरच्या लाँड्रीची बिले, ज्यांत चादरी आणि टॉवेल यांची नगांत मोजणी असते. लाँड्रीवाला धुतलेल्या नगांचेच पैसे मागतो आणि हॉटेल न धुतलेल्या नगांचे पैसे देत नाही. या बिलांवरून ऑक्युपन्सीचा नेमका टक्का निघत नाही, कारण जास्त दिवस राहणाऱ्यांच्या चादरी रोज बदलत नाहीत. पण महिन्यामहिन्यांतले प्रमाण निघते. मालकांच्या तक्त्यात डिसेंबर ८८ टक्के आणि जुलै ५२ टक्के आहे, म्हणजे डिसेंबरचे नग जुलैच्या साधारण पावणेदोन पट असावेत. ते तिप्पट निघाले तर भर पावसाळ्यातला ५२ टक्के हा आकडा फुगवलेला आहे असे समजावे आणि पुढचा प्रश्न मालकांना विचारावा.

बाकीच्या दोन बाबी थोडक्यात उरकता येतील. भागीदाराने दिलेल्या ४५ लाखांच्या बिनतारण कर्जासाठी भागीदाराचे सहीचे पत्र मागितले आहे, आलेले नाही, एवढे लिहावे. बँक विवरण तुम्ही ग्राहकाकडून पीडीएफ स्वरूपात घेतले आहे आणि तीनच महिने पाहिले आहेत, तेव्हा ते ‘पाहिले’ या सदरात जाईल. ‘पडताळले’ म्हणायचे तर ते थेट बँकेकडून किंवा ग्राहकाच्या संमतीने अकाउंट अॅग्रिगेटरमार्फत आलेले हवे.

आता नोट. मी ती अशी लिहिली असती:

> आदरणीय सर,
>
> प्रस्तावाची शीट सोबत आहे. या नोटमध्ये ‘पाहिला’ म्हणजे ग्राहकाने दिलेल्या कागदावर आकडा आहे, ‘जुळवला’ म्हणजे ग्राहकाच्याच दुसऱ्या कागदाशी लागतो, आणि ‘पडताळला’ म्हणजे त्रयस्थाने तयार केलेल्या कागदाशी लागतो.
>
> निर्णयावर सर्वाधिक परिणाम करणारा आकडा ऑक्युपन्सीचा (६५ टक्के) आहे आणि तो पडताळलेला नाही. स्रोत मालकांचा मासिक तक्ता. शीटमधील दर गुणिले रूम नाइट्स हे गणित याच तक्त्यावरून निघते, त्यामुळे तो पुरावा धरू नये. नव्या खोल्या ६५ ऐवजी ४० टक्के भरल्यास डीएससीआर १.४० वरून १.१० वर येतो. डिसेंबर, मे आणि जुलै या महिन्यांची लाँड्री बिले आणि नाइट ऑडिट अहवाल मागितले आहेत.
>
> २०२४-२५ चे उत्पन्न: नफा-तोटा पत्रकात ४.८० कोटी, जीएसटीआर-३बी मध्ये ५.१२ कोटी. फरक ३२ लाख. पैकी ३१.४० लाख हे वह्यांत विक्रीतूनच वजा केलेले पोर्टल कमिशन आहे, बिले पाहिली. ०.६० लाखांचे कारण मिळालेले नाही. पोर्टलची विक्री (१.९० कोटी) फॉर्म २६एएसशी पडताळली, थेट विक्री केवळ जुळवली.
>
> दुरुस्ती आवश्यक: अंदाजपत्रकात कमिशन दोनदा वजा झाले आहे. आपली संमती मिळाल्यावर बदलते. वर दिलेले डीएससीआर या दुरुस्तीपूर्वीचे आहेत.
>
> भागीदाराचे ४५ लाखांचे कर्ज: ताळेबंदात पाहिले, पुष्टिपत्र आलेले नाही. बँक विवरण: तीन महिने पाहिले, प्रत ग्राहकाकडून.
>
> शीटमधील इतर आकडे लेखापरीक्षित पत्रकांवरून उतरवले आहेत, वेगळे तपासलेले नाहीत.

हे एका पानात बसते. शेवटचे वाक्य गाळू नका. ते नसेल तर वाचणारा असे धरून चालतो की ज्याचा उल्लेख नाही ते तपासलेले आहे, आणि पुढे हाच गैरसमज सर्वांत महागात पडतो. खाली तारीख आणि प्रत्येक कागद कोणत्या दिवशी डाउनलोड केला तेही लिहा, कारण विवरणपत्रात राहून गेलेली विक्री पुढच्या महिन्याच्या ३बी मध्ये दुरुस्त करता येते आणि दोन आठवड्यांनी बेरीज वेगळी येऊ शकते.

तुमच्या भीतीविषयी एक अनुभव सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका मालसाठ्याच्या आकड्यापुढे ‘तपासला’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात मी गोदामात गेले नव्हते, ग्राहकाच्या यादीची बेरीज तेवढी केली होती. माझ्या वरिष्ठांनी त्या एका शब्दावर विसंबून समितीपुढे उत्तर दिले, आणि गोदामात त्यातला निम्मा माल नव्हता. त्यांनी मला रागावून काही म्हटले नाही, पण त्यानंतर वर्षभर माझी प्रत्येक शीट त्यांनी स्वतः पहिल्या ओळीपासून पुन्हा केली. ‘यादीची बेरीज पाहिली, माल पाहिलेला नाही’ असे मी लिहिले असते तर त्यांनी दुसऱ्या दिवशी एखाद्याला गोदामात पाठवले असते. न पडताळलेला आकडा लिहिल्याने तुमचे काम अर्धवट दिसत नाही. त्याचा स्रोत, त्याचा परिणाम आणि तुम्ही केलेली मागणी न लिहिल्याने दिसते.

आणखी एक. ‘सदर माहिती विश्वासार्ह मानण्यात आली आहे’ अशी वाक्ये नोटमध्ये घालू नका. मानणारा कोण, हे त्यांत लपते आणि जबाबदारी नकळत सरांकडे सरकते. तुम्ही मानली असेल तर ‘मी मानली आहे, कारण…’ असे लिहा. आणि कारण लिहिता येत नसेल तर तो आकडा न पडताळलेल्यांतच राहू द्या.

लाँड्रीची बिले आली की जुनी नोट खोडून तीच फाइल पुन्हा पाठवू नका. पहिली नोट तशीच ठेवून नव्या तारखेची दुसरी पाठवा, आणि तिच्या पहिल्या वाक्यात फक्त एवढेच लिहा की कोणता आकडा कोणत्या सदरातून कोणत्या सदरात गेला आणि त्यामुळे डीएससीआर किती झाला.